साहेबांच्या आवाजात लिहिताना

"मी एका कारखान्यात एमडींची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहे. सरांचे मेल, पत्रं मीच लिहिते. 'तूच लिही की, मी काय म्हणणार ते तुला ठाऊक आहे,' असं ते म्हणतात. पण हल्ली सेंडचं बटण दाबताना हात थांबतो. त्यांच्या नावावर मी जास्तच बोलून जाते का, हे ओळखायचं कसं? आणि दर वेळी विचारायला गेले तर 'एवढंही कळत नाही का' असं होईल, ही भीती आहेच."

बेळगावात नोकरीतल्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये अशी एक मुलगी होती. तिची गोष्ट सांगते, कारण उत्तर तिच्या एका मेलमध्येच आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत होती. माहेर खानापूरकडचं, शिक्षण मराठीत, कन्नड नोकरीत शिकलेलं. सरांचा पत्रव्यवहार तिन्ही भाषांत चालायचा: पुण्याच्या कंपन्यांशी इंग्रजीत, कोल्हापूर-सांगलीच्या व्यापाऱ्यांशी मराठीत, हेस्कॉम या वीज कंपनीला आणि सरकारी कचेऱ्यांना कन्नडमध्ये. तिन्हींत ते वेगळे वाटायचे. इंग्रजीत तुटक आणि मुद्द्याचं, मराठीत ऐसपैस, कन्नडमध्ये अगदी औपचारिक. तिने त्यांची जुनी पत्रं वाचून हे सगळं उचललं होतं. सुरुवात कशी करतात, नाही म्हणायचं असलं की कोणत्या वाक्यावर येतात, कोणता शब्द कधीच वापरत नाहीत, हे तिला पाठ होतं. ही मेहनत खरी होती आणि ती तिने सोडावी असं मी कधीच म्हटलं नाही.

एक दिवस पुण्याकडच्या ग्राहकाचा मेल आला. पंप हाउसिंगचे ३०० नग गेले होते, त्यातल्या ४२ नगांत मशिनिंगनंतर ब्लोहोल दिसले. सर बेंगळुरूला होते. फोनवर म्हणाले, "त्यांना जरा नीट उत्तर दे. नाराज होऊ देऊ नको." तिने सरांच्या नावाने तीन वाक्यं लिहिली. मूळ मेल इंग्रजीत होता, त्याचा आशय असा: झाल्या प्रकाराचा मला मनापासून खेद आहे. चूक आमच्याकडून झाली. सर्व ४२ नग १० दिवसांत बदलून देतो. मसुदा व्हॉट्सॲपवर टाकला, सरांचा अंगठा आला, मेल गेला.

चौथ्या दिवशी डेबिट नोट आली. ४२ नगांची किंमत, त्यावर झालेला मशिनिंगचा खर्च आणि लाइन थांबल्याची भरपाई. सोबत त्या मेलमधलं मधलं वाक्य अधोरेखित करून जोडलेलं. सर म्हणाले, "मी असं कुठं म्हणालो होतो?" ती म्हणाली, "सर, तुम्ही बघितलं होतं की." दोघंही खरंच बोलत होते.

आम्ही ती तीन वाक्यं समोर ठेवली. ऐकायला तिन्ही सरांचीच होती. जुन्या ग्राहकाशी फोनवर ते खरोखरच "चुकलं आमचं, बघतो" म्हणायचे. म्हणून तिला काही खटकलं नाही, आणि घाईत वाचणाऱ्या सरांनाही खटकलं नाही. पण पहिल्या वाक्यात फक्त भावना आहे, ते वागण्याबोलण्याचं वाक्य आहे. दुसरं वाक्य जबाबदारी ठरवतं. तिसरं नगांची संख्या आणि तारीख ठरवतं. या शेवटच्या दोन वाक्यांतल्या गोष्टी त्या दिवशी कुणीच ठरवल्या नव्हत्या. सरांनीही नाही.

ब्लोहोल म्हणजे ओतकामात अडकलेल्या वायूची पोकळी. वाळूत ओल राहिली, कोअरमधून वायू सुटला, रस थंड असताना ओतला, अशी कारणं असतात. वरची कातडी मशिनवर निघेपर्यंत पोकळी पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे दोष फाउंड्रीचा असण्याची शक्यता मोठी असली, तरी सगळे ४२ नग त्याच दोषाचे आहेत का, ते एकाच हीटचे, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या रसाचे आहेत का, मशिनिंगचा खर्च कोण सोसणार याबद्दल पर्चेस ऑर्डरमध्ये काय लिहिलंय, हे बघितल्याशिवाय तिथला क्वालिटी हेड तोंड उघडत नसे. पुढच्या १० दिवसांत तो पॅटर्न लाइनवर लावता येईल का, हे प्रॉडक्शनवाले सांगणार. यातलं तिला काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

मग तिने तोच मेल माझ्यासमोर पुन्हा लिहिला. "४२ नगांबद्दलचा तुमचा मेल मिळाला. तुमच्या लाइनला त्रास झाला याचा मला खेद आहे. कृपया हीट नंबर, फोटो आणि पाच-सहा नग पाठवा. आमचे क्वालिटी हेड उद्या तुमच्याशी बोलतील. तपासणीनंतर बदली मालाबद्दल मी स्वतः कळवतो." आवाज तोच राहिला, सौजन्यही तेवढंच. तरी मी तिला शेवटच्या दोन वाक्यांवर थांबवलं. क्वालिटी हेड उद्या मोकळे आहेत का, हे त्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आणि 'मी स्वतः कळवतो' हा सरांच्या वेळेचा शब्द आहे, तो सरांनीच द्यायचा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. मसुदा झाला की प्रत्येक वाक्याला विचारा: यातली गोष्ट सरांनी आधी ठरवली आहे, की हे वाक्य लिहिताना पहिल्यांदाच ठरते आहे? रक्कम, तारीख, दोषाची कबुली, नकार, सवलत, एखाद्या माणसाबद्दलचं मत यांपैकी काही पहिल्यांदाच ठरत असेल, तर तिथे जागा रिकामी सोडायची. सरांसारखं वाक्य सुचलं तरी लिहायचं नाही. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला हुबेहूब जमतो त्यांच्या बाबतीत जास्त जपायचं, कारण तिथे चूक कानाला कळतच नाही.

आता त्या अंगठ्याबद्दल. प्रवासात फोनवर मसुदा बघणारा माणूस सूर बघतो, मजकूर तोलत नाही. "सर, ठीक आहे ना?" या प्रश्नाला अंगठाच येणार. त्या मुलीने पुढे पद्धत बदलली. मसुद्याच्या वर दोन ओळी लिहायच्या: 'यात तुम्ही ठरवायचं: १) चूक आपली, असं आत्ताच लिहायचं का? २) बदली माल १० दिवसांत, हो की नाही?' खाली मसुदा, आणि त्या दोन जागा रिकाम्या. रिकामी जागा असलेल्या मसुद्याला नुसता अंगठा देऊन भागत नाही.

कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम २३७ असं सांगतं की प्रतिनिधीने अधिकार नसताना काही केलं, पण ते त्याच्या अधिकारात आहे असा समज मालकाच्याच बोलण्या-वागण्याने समोरच्याचा झाला असेल, तर मालक बांधला जातो. वर्षानुवर्षं सरांच्या पत्त्यावरून तुम्ही उत्तरं देता आणि ती पाळली जातात, तेव्हा असा समज ग्राहकाने करून घेतला तर त्यात त्याचं काही चुकलं म्हणता येत नाही. म्हणून 'मी फक्त टाइप केलं' हा बचाव ना तुमच्या कामाचा, ना सरांच्या.

मेल कोणत्या दारातून जातो तेही बघा. ती मुलगी सरांच्या पासवर्डनेच लॉगिन करायची. आउटलुकमध्ये कंपनीचा आयटीवाला दोन प्रकारचे अधिकार देऊ शकतो. Send As दिला तर समोरच्याला फक्त सरांचं नाव दिसतं. Send on Behalf दिला तर सरांच्या वतीने तुम्ही पाठवलं, हे नावासकट दिसतं. रोजच्या कामाला दुसरा मागून घ्या आणि पासवर्ड परत करा. सरांचं डिजिटल सहीचं टोकन तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तेही. मसुदा आणि सही ही दोन कामं वेगळी राहिली पाहिजेत.

डेबिट नोटचं पुढे काय झालं? मेल मागे घेता येत नाही. तिने त्याच दिवशी सरांना अर्ध्या पानात लिहून दिलं: काय लिहिलं, कुणाला गेलं, त्यातलं कोणतं वाक्य ठरलेलं नव्हतं. रडगाणं नाही, सफाई नाही. सरांनी ग्राहकाला स्वतः फोन केला आणि स्वतःच्या हाताने मेल केला की तपासणीआधीच उत्तर गेलं होतं, आता नग एकत्र बसून बघू. दोन्हीकडच्या माणसांनी नग पाहिले. बदली माल द्यावाच लागला, मशिनिंगचा काही भागही सोसावा लागला, लाइन थांबल्याची भरपाई ग्राहकाने सोडली. पूर्ण सुटका झाली नाही. लेखी कबुलीनंतर ती सहसा होत नाही.

राहिली विचारण्याची भीती. दर मेलला विचारत बसलात तर सर वैतागतील, ते बरोबरच आहे. म्हणून एकदाच बसून विचारायचं. तिला मी असं बोलायला सांगितलं: "सर, तुमच्या नावाने मी काय परस्पर पाठवू आणि काय तुम्हाला विचारून, ते एकदा ठरवून घेऊया का? मग तुम्हाला सारखं विचारावं लागणार नाही." सर लगेच बसले. मीटिंगची वेळ पक्की करणं, पोच देणं, आधी पाठवलेलं कोटेशन पुन्हा पाठवणं हे परस्पर. पेमेंटची आठवण तिने स्वतःच्या नावाने करायची, 'सरांच्या सांगण्यावरून' असं लिहून. भाव, डिस्पॅचची तारीख, मालाचा दोष, कामगाराला समज देणं हे सरांनी बघितल्याशिवाय नाही.

त्या यादीत एक ओळ आपल्या भागाची होती, ती तिने स्वतःहून घातली. १ नोव्हेंबर जवळ आला की सरांकडे संदेशाची मागणी यायची. कुणाला कर्नाटक राज्योत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी हव्या असायच्या. दुसरीकडे त्याच दिवशी काळा दिन पाळणारी मराठी मंडळी पाठिंब्याचे दोन शब्द मागायची. दोन्ही मजकूर ती सरांच्या आवाजात सुंदर लिहू शकली असती. पण बेळगावात त्या चार ओळी म्हणजे भूमिका असते. कारखान्यात दोन्ही भाषांचे कामगार, सरकारी कामं बेंगळुरूपर्यंत, नातीगोती कोल्हापूरकडे. सर कुठे उभे राहतात, की कुठेच राहत नाहीत, हे त्यांनीच सांगायचं. तोवर तिच्या नावाने एवढंच उत्तर जायचं: "आपली विनंती सरांपर्यंत पोचवली आहे." 'सर नक्की कळवतील' हेही ती लिहीत नसे.

तुमचे सर अशा बैठकीतही "तूच ठरव की" म्हणाले, तर ते नाकारू नका. फक्त किती, ते विचारा: किती रुपयांपर्यंत, किती दिवसांपर्यंत, कोणत्या ग्राहकांना. जे सांगतील ते त्याच दिवशी त्यांना मेलने लिहून पाठवा, 'आज आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. त्या मर्यादेच्या आतलं सगळं बिनधास्त लिहा, आणि तसं लिहिलेल्या प्रत्येक मेलची प्रत सरांना ठेवा.