स्मज सेल्स आणि कपाटातली जुनी फाइल

रिपोर्टच्या तळाशी छापलेल्या एका ओळीचे फोटो मला सारखे येत असतात: ‘स्मज सेल्स दिसल्या.’ यावेळची बहुतेक पत्रं त्याच ओळीवरची आहेत.

स्मज सेल्स म्हणजेच कॅन्सरच्या पेशी का? (कोपरी, ठाणे)

नाही. रक्ताचा थेंब काचेवर ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेने तो ओढतात, तेव्हा लिंफोसाइट नावाच्या नाजूक पांढऱ्या पेशी चिरडल्या जातात. रंग दिल्यावर त्या जागी जांभळट, फिसकटलेला डाग उरतो. पोळपाटावर पिठाचा गोळा अंगठ्याने सरकवावा, तसा. शरीरात फिरताना ती पेशी धडधाकट होती, मोडली ती काचेवर. सीएलएल या लिंफोसाइटच्या, सहसा हळू वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशीला आतून आधार देणारं व्हिमेंटिन नावाचं प्रथिन अनेकदा कमी असतं, म्हणून असे डाग भरपूर दिसतात. थेंबात थोडं अल्ब्युमिन मिसळून स्लाइड केली तर याच पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात. नमुना तासन्‌तास पडून राहिला असेल किंवा विषाणूचा ताप असेल, तरीही थोड्या स्मज सेल्स दिसतात. तेव्हा त्या एका ओळीवरून निदान होत नाही, पण ती ओळ वाचून कागद मिटूही नका.

बाबा 71 वर्षांचे, रोज वाशीच्या मिनी सीशोअरला चालायला जातात. मोतीबिंदूआधीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी 24,600, लिंफोसाइट 78 टक्के आणि स्मज सेल्स आल्या. हिमोग्लोबिन 13.1, प्लेटलेट 1 लाख 90 हजार. त्रास काहीच नाही. मग हे अचानक आलं कुठून? सोबत 2021 चा रिपोर्टही पाठवतेय. (वाशी)

ताई, अचानक काहीच आलेलं नाही. जुना रिपोर्ट पाठवलात, फार बरं केलंत. त्यात पांढऱ्या पेशी 12,800 आणि लिंफोसाइट 58 टक्के आहेत. गुणाकार करा: 7,424. आजचा आकडा 19,188. मोठ्या माणसात तो साधारण 4,000 च्या आत असतो. म्हणजे 2021 मध्येही तो वाढलेलाच होता. टक्क्यापुढे ‘H’ छापलेलं होतं, कुणीतरी ‘व्हायरल असेल’ म्हणालं असेल आणि फाइल कपाटात गेली. माझा खरा राग या सवयीवर आहे. विषाणूमुळे वाढलेल्या लिंफोसाइट काही आठवड्यांत उतरतात, पण उतरल्या का हे पाहायला पुन्हा सीबीसी करावा लागतो. तो कोणी करतच नाही. टक्के एकटे वाचू नका, एकूण पेशींशी गुणून पाहा.

त्रास का नाही, तेही सांगतो. हे सीएलएल असेल, तर त्याच्या पेशी दिसायला लहान, प्रौढ लिंफोसाइटसारख्याच असतात. त्या हळूहळू साचतात आणि बरीच वर्षं हाडांच्या मज्जेत बाकीच्या पेशींना जागा सोडतात, म्हणून बाबांचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक आहेत. मानेतल्या गाठी आल्याच तरी सहसा दुखत नाहीत. हा मुख्यतः उतारवयातला आजार आहे, आणि मोतीबिंदू, मधुमेह, गुडघा अशा कारणांनी सीबीसीही त्याच वयात होतो. म्हणून तो असा वाटेत सापडतो.

आता हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांना भेटा, दोन्ही रिपोर्ट सोबत न्या. ते मान, काख, जांघ आणि प्लीहा तपासतील आणि हाताच्या रक्तावर फ्लो सायटोमेट्री ही पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी सांगतील. तिच्यात एकाच वंशातल्या, CD5, CD19 आणि CD23 या खुणा असलेल्या बी लिंफोसाइट 5,000 च्या वर निघाल्या आणि त्या तीन महिने टिकल्या, तर सीएलएल म्हणतात. त्याहून कमी असतील आणि गाठी वगैरे नसतील, तर ती फक्त लक्ष ठेवण्याची स्थिती. मोतीबिंदूचं काय करायचं, हेही त्यांनाच विचारा.

निदानासाठी कमरेच्या हाडात सुई घालावीच लागते का? (ऐरोली)

बहुतेकदा नाही. लागली तर डॉक्टर कारण सांगतील.

आईचं सीएलएल नक्की झालंय, पण डॉक्टर ‘औषध नको, तीन महिन्यांनी या’ म्हणतात. शेजारी गुळवेलीचा काढा द्या म्हणतात, एका ठिकाणी ‘कॅन्सर पॅकेज’ही सुचवलंय. (घोडबंदर रोड)

डॉक्टर बरोबर सांगताहेत. त्रास नसताना लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा हे औषधाचं कारण नाही. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरणं, प्लीहा फार वाढणं, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, रात्री कपडे भिजवणारा घाम, लिंफोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं, यांकडे ते पाहतात. पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करच्या रांगेचा इथे उपयोग नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, काढा देऊ नका, आणि दिला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तीन महिन्यांची तारीख मात्र चुकवू नका. मधे ताप आला, एकदम धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्या तारखेची वाटही पाहू नका.

आईला फ्लूची लस चालेल? (घोडबंदर रोड, त्याच पत्रात)

चालते, आणि न्यूमोकोकलचंही विचारा. जिवंत विषाणूच्या लसी मात्र टाळायच्या.