रात्री दहाला येणाऱ्या मेसेजचं काय करायचं?

भावा, तू जीएसटीचं काम नुकतंच सुरू केलंयस, त्यामुळे गांधीनगरचे कापडवाले दुकान मिटवून रात्री दहालाच बिलांचे फोटो पाठवणार, हे धरून चाल. त्यांचा दिवस तेव्हाच मोकळा होतो. पाठवू देत. प्रश्न फक्त उत्तर कधी द्यायचं, एवढाच आहे.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमध्ये कामाची वेळ भर, समजा सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ७. मग Away message, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, चालू करून तो Outside of business hours वर ठेव. घरच्यांना यादीतून वगळ, नाहीतर आईलाही तोच मेसेज जाईल.

मजकुरात "नंतर बोलू" नको, नेमकी वेळ हवी: "नमस्कार, बिलं मिळाली की पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी १ पर्यंत कळवतो. नोटिशीची मुदत आजच असेल तर फोन करा." एवढं पुरतं. आणि ती १ ची वेळ पाळायचीच, नाहीतर लोक रात्रीच पुन्हा विचारतात.

एक अडचण आहे. फोनला इंटरनेट असेल तरच हा मेसेज जातो. रात्री डेटा बंद करण्यापेक्षा नोटिफिकेशन बंद ठेव.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं: मेसेज जातो आणि पाच मिनिटांत तूच "हो, बघतो" लिहितोस. पुढच्या वेळी तो दुकानदार तुझी ही पाटी वाचणारच नाही. उत्तर सुचलं तर टाइप करून तसंच ठेव, सकाळी दहाला पाठव. महिन्याच्या १८ ते २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना, वेळ ९ पर्यंत वाढव आणि ते आधीच सांग.