उतार ०.१ : टक्के की अंश?

प्रश्न: तलावाच्या भरावावर चढणारी आमची पाणंद मोबाइलच्या अ‍ॅपवर ४ अंश दाखवते. अंदाजपत्रकात चढ जास्तीत जास्त १:२० लिहिलाय. त्याच कामातल्या चारीला नुसतं "उतार ०.१" लिहिलंय. हे टक्के की अंश? आणि दोन्ही मोबाइलवरच मोजलं तर चालेल का?

उत्तर:

पाणंदीचं आधी उरकतो, ते सोपं आहे. ४ अंश म्हणजे जवळजवळ ७ टक्के, म्हणजे १:१४. १:२० म्हणजे ५ टक्के, अंशात २.८६. तुमचा चढ नक्की जास्त आहे. साडेतीन मीटर चढायला आता ५० मीटर लांबी लागत असेल, तर १:२० साठी ७० मीटर लागेल. वळसा घ्या, नाहीतर खालच्या टोकाला भराव टाकून चढ आणखी लांबून सुरू करा. "ट्रॅक्टर चढतो की" हे ऐकून घेऊ नका. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या लावून, पाऊस पडून गेल्यावर चढतो का ते विचारा. शिवाय ७ टक्क्यांवर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत चाकोरीचा ओढा होतो. सपाट मुलखात ग्रामीण रस्त्याला शक्यतो ३.३ टक्के (१:३०) ठेवावेत आणि फार तर ५ पर्यंत जावं, असा संकेत आहे. मी तरी त्याच्या पुढं जात नाही.

आता चारी. ते ०.१ टक्केच असणार, म्हणजे हजाराला एक. पण माझ्यावर विश्वास ठेवून खोदू नका, लेखी घ्या. असं का म्हणतो ते सांगतो.

आमच्या गावच्या तलावाखाली ९०० मीटरची चारी काढायची होती. ज्या कार्यालयाचा आराखडा होता त्यांनी दिलेल्या चिठ्ठीत असंच "उतार ०.१" होतं, पुढं ना टक्क्याचं चिन्ह ना अंशाचं. दोनदा गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा "आराखड्यात आहे तेच बघा." आराखडाच समोर धरून विचारत होतो, पण असो. मला कॉलेजातली त्रिकोणमिती आठवत होती, याचाच माज नडला. उतार म्हणजे कोन, असं धरून मी एक्सेलमध्ये दर ३० मीटरच्या खुंटीचा उतार काढला:

```
=TAN(RADIANS(0.1))*30
```

उत्तर आलं ०.०५२, म्हणजे खुंटीमागे ५.२ सेंटीमीटर. खरं हवं होतं ते असं:

```
=0.1/100*30
```

म्हणजे ३ सेंटीमीटर. फरक खुंटीमागे सव्वादोन सेंटीमीटर, बोटाच्या पेराएवढा. एका खुंटीवर तो कुणाच्या डोळ्यात येत नाही. पण ३० खुंट्यांवर तो साठत गेला आणि शेवटी तळ ६७ सेंटीमीटर खाली गेला. ९० सेंटीमीटर उतरायचं होतं, आम्ही १ मीटर ५७ उतरलो.

जेसीबीवाल्याला ते कळलं होतं. चौथ्या दिवशी म्हणाला, "दादा, खोली वाढतच चाललीय, पुढचं रान तर एवढं उंच दिसत नाही." मी त्याला कागद दाखवला. आजही ते आठवलं की चीड येते, कागदाची नाही, माझी.

पाणी सोडलं तेव्हा ते छान वाहिलं. हीच फसवणूक होती. चारी वाहते म्हणजे बरोबर झाली, असं आम्ही समजलो. पण चारीचं काम वाहणं नाही, शेताच्या वर राहणं आहे. आराखड्यात चारीतलं पाणी रानापेक्षा १५ सेंटीमीटर उंच धरलं होतं. आमचं चुकीचं खोदकाम दर १०० मीटरला साडेसात सेंटीमीटर जास्त खाली जात होतं, म्हणजे २०० मीटरवर ती १५ सेंटीमीटरची उंची संपली. वरच्या वाटेकऱ्यांचं रान भिजलं. त्याच्या पुढच्या सगळ्यांची चारी भरून वाहत होती, पण दार उघडलं तरी पाणी रानात चढेना. कुणी गोण्या टाकून तुंबवलं, कुणी मोटार लावली, आणि चारीसाठी वर्गणी दिलेल्या माणसांनी मला काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. नंतर भराव टाकून तळ वर आणला, पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भरावातून पाणी झिरपलं. एक रब्बी गेली.

म्हणून खोदण्याआधी एकच हिशेब करा: सुरुवातीची पाणीपातळी वजा शेवटच्या शेताच्या वरची पातळी, भागिले लांबी. जो आकडा येईल तो आराखड्यातल्या आकड्याच्या जवळ हवा. आम्ही तो केला असता तर हजाराला एक आलं असतं आणि प्रकरण तिथंच संपलं असतं.

अंश-टक्क्यांची अदलाबदल तोंडी करायची तर एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के, आणि टक्क्याला ०.५७ ने गुणलं की अंश. रस्त्याच्या चढापुरतं हे पुरतं. मोठ्या उतारावर मात्र बिघडतं: १०० टक्के म्हणजे ४५ अंश, ५७ नाही. बांधाच्या बाजूंसाठी हा हिशेब वापरू नका. तिथं आणखी एक गोंधळ आहे. चारीच्या बाजूंचा "१.५:१" म्हणजे दीड आडवं, एक उभं. रस्त्याच्या १:२० मध्ये मात्र उभं आधी येतं.

मोबाइलबद्दल: पाणंदीला ठीक आहे, म्हणजे ४ अंश की ३, इतकं कळतं. फळी ठेवून, मोबाइल उलटा फिरवून दोन्हीकडून मोजा आणि सरासरी घ्या. चारीला अजिबात नको. हजाराला एक म्हणजे ०.०५७ अंश. बहुतेक अ‍ॅप ०.१ अंशाखाली दाखवतच नाहीत. म्हणजे तुमचा अख्खा उतार त्या अ‍ॅपच्या एका आकड्यापेक्षा लहान आहे.

उतार जास्त ठेवला तर पाणी जोरात जाईल आणि गाळ बसणार नाही, असं गावात कुणीतरी म्हणेलच. तळ अर्धा मीटर, पाणी ४० सेंटीमीटर, मातीची चारी धरली तर हजाराला एक उतारावर वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर येतो. हाच उतार १ टक्का केला तर वेग दीड मीटरवर जातो आणि काळ्या मातीत चारीची घळ होते. मी वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जाऊ देत नाही, आणि ०.३ च्या खालीही नाही, कारण तिथं गाळ आणि गवत चारी ताब्यात घेतात. हे माझे ठोकताळे आहेत, मी इंजिनिअर नाही. मोठ्या कालव्याला हे लावू नका. तिथं पाणी खोल असतं, म्हणून उतार कमी लागतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आहे. तो हजाराला एकने नेला असता तर २०८ मीटर खाली गेला असता, आणि पैठण ते नांदेड जमीनच जेमतेम १०० मीटर उतरते.

डंपी लेव्हल मिळाली तर उत्तम. नाहीतर पारदर्शक पाण्याची नळी घ्या, पण तिच्यातला हवेचा बुडबुडा काढा, तो राहिला तर दोन्ही टोकं खोटं बोलतात. शेवटच्या खुंटीवर थांबू नका, तिथून उलट मोजत पहिल्या खुंटीवर या. परत आल्यावर पातळी दोनेक सेंटीमीटरच्या आत जुळली नाही, तर जेसीबीला बोलावू नका.