संमिश्र संख्यांची वर्कशीट: दोन रकाने आणि मॉड्युलसचा ताळा

प्रश्न: "नागपुरात अकरावीची शिकवणी घेते. संमिश्र संख्यांवर वर्कशीट करतेय. बेरीज-वजाबाकी मुलांना जमते, पण भागाकारात उत्तर हमखास चुकतं आणि नेमकं कुठे चुकलं ते वहीवरून कळत नाही. मांडणी कशी ठेवू?"

मॅडम, प्रत्येक पायरीला दोन रकाने आखून द्या. डावीकडे वास्तव भाग, उजवीकडे काल्पनिक. उजव्या रकान्यात i लिहायचाच नाही, हा नियम कडक ठेवा. 3 − 4i साठी डावीकडे 3, उजवीकडे −4. काल्पनिक भाग −4 आहे, −4i नाही. एवढं अंगवळणी पडलं की मॉड्युलसमधली नेहमीची चूक थांबते. नाहीतर मुलं 3² + (−4i)² मांडतात, 9 − 16 करून −7 आणतात आणि वर्गमूळापाशी अडकतात. रकान्यात i नसला की 9 + 16 = 25 आणि मॉड्युलस 5, सरळ.

बेरीज-वजाबाकीची दोन-तीन गणितं पुरेत. खरी जागा गुणाकाराला द्या, कारण भागाकार म्हणजे शेवटी एक गुणाकारच. हे गणित घ्या:

(2 + 3i) / (3 − 4i)

छेदाचा कॉन्जुगेट 3 + 4i. त्याने वर-खाली गुणायचं. अंशात (2 + 3i)(3 + 4i) येतो, आणि इथे मुलांना घाई करू देऊ नका. चारही गुणाकार आधी सुटे लिहायला लावा: 2×3 = 6, 2×4 = 8, 3×3 = 9, 3×4 = 12. मग प्रत्येकाला रकाना द्यायचा. 6 मध्ये i नाही, तो डावीकडे. 8 आणि 9 मध्ये i एकदाच आहे, ते उजवीकडे. 12 मध्ये i दोनदा आला, i² = −1, म्हणून तो डावीकडे जातो आणि −12 होऊन जातो. डावीकडे 6 − 12 = −6, उजवीकडे 8 + 9 = 17. छेद 3² + 4² = 25.

उत्तर: −6/25 + (17/25)i

माझ्या वर्गात बहुतेक चुका त्या 12 वरच होतात. चिन्ह न बदलता तो डावीकडे गेला की 18/25 + (17/25)i येतं. दिसायला हेही उत्तर ठीकच वाटतं. म्हणून प्रत्येक भागाकाराखाली ताळ्याची एक ओळ ठेवा: भागाकाराच्या मॉड्युलसचा वर्ग म्हणजे दोन्ही संख्यांच्या मॉड्युलसच्या वर्गांचा भागाकार. इथे तो 13/25 यायला हवा. बरोबर उत्तराचा (36 + 289)/625 = 325/625 = 13/25, जुळला. चुकीच्या उत्तराचा (324 + 289)/625 = 613/625, म्हणजे गडबड आहे, आणि ती गुणाकाराच्या पायरीत शोधायची.

या ताळ्याची मर्यादाही मुलांना सांगा. कोणी −6/25 − (17/25)i लिहिलं तरी 13/25 च येतो, कारण चिन्ह उलटलं तरी मॉड्युलस तोच राहतो. तिथे उलटा गुणाकार लागतो: (−6 + 17i)(3 − 4i) मध्ये डावीकडे −18 + 68 = 50, उजवीकडे 24 + 51 = 75, आणि 25 ने भागलं की 2 + 3i परत मिळतो. वर −17 घेतलं तर डावीकडेच −18 − 68 = −86 येतं, चूक लगेच दिसते.

कॉन्जुगेटसाठी एक गणित मुद्दाम उलट्या क्रमात द्या: 4i − 3. "मधलं चिन्ह बदला" असं पाठ केलेली मुलं 4i + 3 लिहितात. कॉन्जुगेट −3 − 4i आहे, कारण चिन्ह फक्त काल्पनिक भागाचं बदलतं. ही चूक सहज पकडली जात नाही, कारण भागाकारात ती खपून जाते: 4i + 3 हा खऱ्या कॉन्जुगेटच्या उणे एक पट आहे, तो वर-खाली दोन्हीकडे लागला की उत्तर बरोबरच येतं. फक्त छेद −25 येतो. वहीत छेद ऋण दिसला की समजा, मुलाने कॉन्जुगेट चुकीचा घेतलाय. म्हणून 4i − 3 ला आधी दोन रकान्यांत −3 आणि 4 असं बसवून घ्या, मगच कॉन्जुगेट विचारा, आणि त्याच संख्येने लगेच एक भागाकारही करायला द्या.