‘ही’ काढून ‘दे’ घातलं, आता नक्की कोण?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या इंग्रजी नियमावलीत सगळीकडे ‘ही’ काढून ‘दे’ घातलं. आता काही वाक्यांत सूचना नेमकी कुणाला आहे तेच कळत नाही. त्यात मराठी भाषांतर माझ्याकडे आलंय. तिथे ‘ते’ लिहू का?

आधी इंग्रजीचं बघू. (देवनागरीत ‘ही’ आणि ‘दे’ दोन्ही मराठी शब्द निघतात, त्यामुळे अवतरणचिन्हांवर लक्ष ठेवा.) एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरणं ही काही आजची टूम नाही, इंग्रजीत ते चौदाव्या शतकापासून सापडतं. म्हणजे व्याकरण बिघडलेलं नाही. बिघडतं ते वेगळंच. ‘ही’ लिंग सांगायचा तसं वचनही सांगायचा, आणि तो गेला की दोन्ही खुणा एकदम जातात.

हे वाक्य घ्या : ‘द एम्प्लॉयी शॅल इन्फॉर्म द कमिटी मेंबर्स बिफोर ही लीव्ज द प्रिमायसेस.’ सदस्य अनेक, कर्मचारी एक. त्यामुळे ‘ही’ म्हणजे कर्मचारी हे उघड आहे. तिथे ‘दे लीव्ह’ केलं की ‘दे’ जवळच्या अनेकवचनाला, म्हणजे सदस्यांना, जाऊन चिकटतो. मग आवार कोण सोडतंय, कर्मचारी की समिती? तेव्हा प्रत्येक ‘दे’, ‘देम’, ‘देअर’पाशी थांबा आणि त्याच्या आधी एखादं अनेकवचनी नाम आहे का ते बघा. असेल तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

इथे सर्वनामाची गरजच नाही. ‘बिफोर लीव्हिंग द प्रिमायसेस’ म्हटलं की सोडणारा आपोआप वाक्याचा कर्ता ठरतो. ‘हिज लॅपटॉप’चं नुसतं ‘द लॅपटॉप’ होतं. जिथे एवढ्याने भागत नाही तिथे सरळ ‘द एम्प्लॉयी’ पुन्हा लिहा. कानाला खटकेल, पण नियमावली कुणी गोडीने वाचत नाही. सगळे कर्मचारी अनेकवचनी करून टाकायची युक्ती मला फारशी आवडत नाही. ‘कर्मचारी एका नातेवाइकाचं नाव देऊ शकतात’ म्हटलं की सगळ्यांनी मिळून एक, असा अर्थही निघतो. तिथे ‘प्रत्येक’ घालावंच लागतं.

तक्रारीची कलमं निराळी. ‘कर्मचाऱ्याने व्यवस्थापकाविरुद्ध तक्रार केल्यास चौकशी होईपर्यंत त्याची बदली करता येईल’ यात बदली कुणाची? दोघंही एकवचनी, म्हणजे जुन्या ‘ही’लाही हे सांगता येत नव्हतं. ‘दे’ आल्यावर फक्त ते डोळ्यांवर आलं. इथे सर्वनाम टाकून भूमिकेचं नाव लिहा : तक्रारदार, प्रतिवादी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा हेच करतो. त्याच्या 12व्या कलमात चौकशीच्या काळात पीडित महिलेची किंवा प्रतिवादीची बदली, आणि पीडित महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा, असं नावानिशी आहे. मात्र हा भाग नियमावलीत उतरवताना ‘महिला’चं ‘व्यक्ती’ करून मोकळं होऊ नका. कायद्याने तो हक्क महिलेला दिलाय. कंपनीला इतरांनाही संरक्षण द्यायचं असेल तर त्यासाठी वेगळं कलम लिहावं.

आता मराठी. ‘ते’ लिहू नका. आदरार्थी ‘ते’ म्हणजे पुरुष, बाईंसाठी ‘त्या’. इंग्रजीतून बाहेर काढलेला ‘ही’ तुम्ही मागच्या दाराने आत घ्याल. पण ‘ते’ आणि ‘त्या’ला प्रत्यय लागला की दोघांचं रूप एकच होतं : त्यांनी, त्यांना, त्यांचा. म्हणून ‘जो कर्मचारी उशिरा येतो तो अर्ज देतो’ऐवजी ‘उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी अर्ज द्यावा’ लिहा. इथे ‘द्यावा’ अर्जाप्रमाणे चालतो, देणाऱ्याचं लिंग क्रियापदात दिसतच नाही. भविष्यकाळही सोयीचा आहे : ‘करतो-करते’ वेगळे, पण ‘करेल’ दोघांचं एकच.

आणि एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा वरचढ आहे. ‘कर्मचाऱ्यांनी शेवटच्या दिवशी व्यवस्थापकांना त्यांचा लॅपटॉप दाखवावा’ यात लॅपटॉप व्यवस्थापकांचाही असू शकतो. इंग्रजी ‘देअर’ही तिथेच अडकतो. ‘आपला लॅपटॉप’ म्हटलं की तो कर्मचाऱ्यांचाच. फक्त तुमची नियमावली वाचणाऱ्याला थेट ‘आपण’ म्हणून बोलत असेल, तर ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा’ असंही वाचलं जाईल. तिथे ‘स्वतःचा’ लिहा.