मागच्या शेगडीकडं हात नेताना
अगं, पदर पेटतो तो बहुतेकदा मागच्या शेगडीवरचं भांडं हलवताना. माझंही तसंच झालं. पुढं तांबडा रस्सा उकळत होता, मागचा पांढरा ढवळायला वाकले आणि जॉर्जेटचा पदर पुढच्या जाळावर गेला. मला कळलं ते वासानं. असं सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

म्हणून मागं हात न्यायचा तर आधी पुढची शेगडी बंद कर. सुती साडी नेस, पदर कमरेला घट्ट खोच. सुतीही पेटतंच, पण चिकटत नाही. ओढणी काढूनच ठेव, बाह्या कोपरापर्यंत दुमड.

पेटलंच तर पळू नकोस, वाऱ्यानं भडकतं. जमिनीवर लोळ. मग भाजल्या जागी वीस मिनिटं नळाचं पाणी सोड. चिकटलेलं कापड ओढू नकोस, तसंच दवाखान्यात जा.