बोल्ट-ऑन की सेट नेक: सस्टेन नेमका जातो कुठे?

प्रश्न: सेट नेकच्या गिटारचा सस्टेन बोल्ट-ऑनपेक्षा खरंच जास्त असतो का? मी ऐरोलीत राहतो, दोन्हींपैकी एक घ्यायची आहे. हाताला आणि टोनला काय फरक जाणवेल?

केवळ सस्टेनसाठी, म्हणजे स्वर जास्त वेळ टिकावा म्हणून, सेट नेक घेऊ नका. मी ठाण्यात, नौपाड्यात गिटार दुरुस्ती आणि सेटअपचं काम करतो. माझ्या अनुभवात नेक सेट म्हणजे सरसाने चिकटवलेला आहे की बोल्ट-ऑन म्हणजे स्क्रूने आवळलेला, यापेक्षा तो बॉडीतल्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये, किती घट्ट बसलाय आणि स्वतः किती थरथरतो, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

तारेची ऊर्जा दोन टोकांतून निसटते, ब्रिजकडून आणि फ्रेटकडून. सॉलिड बॉडी जड असते, त्यामुळे ब्रिज जवळजवळ हलत नाही. नेक मात्र लांब आणि सडपातळ असतो, त्याची स्वतःची कंपनसंख्या असते. एखादा स्वर तिच्याशी जुळला की नेक त्या तारेची ऊर्जा ओढून घेतो आणि तेवढाच स्वर लवकर विझतो. यालाच डेड स्पॉट म्हणतात. बास गिटारवर तो बहुतेकदा पहिल्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो.

मध्यंतरी घणसोलीचा एक मुलगा स्ट्रॅट प्रकारची बोल्ट-ऑन गिटार घेऊन आला. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटचा स्वर टिकत नव्हता, आणि एकूणच गिटार मंद वाजत होती. त्याला कोणीतरी सेट नेक घ्यायला सांगितलं होतं. मी अँप न लावता प्रत्येक फ्रेट वाजवून पाहिला. मग हेडस्टॉकला कापड लावून सुतारी क्लॅम्प अडकवला. वजन वाढल्याने नेकची कंपनसंख्या खाली आली आणि मेलेला स्वर बारावरून अकराव्या फ्रेटवर सरकला. म्हणजे तो दोष नेकचा होता, सांध्याचा नव्हे.

मंदपणाचं कारण मात्र सांध्यातच निघालं. नेक उघडला तर पॉकेटच्या मागच्या टोकाला जाड पुठ्ठ्याची घडी होती आणि पुढे पोकळी. शिवाय बॉडीतली भोकं इतकी घट्ट होती की स्क्रूचे आटे बॉडीतही रुतत होते. स्क्रूने फक्त नेकमध्ये पकड घ्यायला हवी, बॉडीतून तो सैल सरकायला हवा. तसं नसलं तर कितीही आवळा, नेक आणि बॉडीमध्ये फट राहते. स्क्रू साधारण 4.2 मिलीमीटरचे होते, मी बॉडीची भोकं 4.5 ची केली, पुठ्ठा काढून पूर्ण पॉकेट भरणारी लाकडी उतरती पट्टी घातली. नंतर तारा सुरात आणून चारही स्क्रू पाव वळसा ढिले केले. ताणाने नेक ‘टक’ करत मागे बसला, आणि मग पुन्हा आवळले.

सगळ्या तारा मोकळ्या वाजू लागल्या, सूरही टिकू लागला. तिसऱ्या तारेचा बारावा फ्रेट मात्र तसाच राहिला. तो सूर दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर मिळतो, लांबवायचा असेल तेव्हा तो मुलगा तिथे घेतो.

हाताला जो फरक जाणवतो त्यातला मोठा भाग स्केलचा आहे. फेंडरचं नेहमीचं स्केल 25.5 इंच, गिब्सन लेस पॉलचं 24.75. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर फेंडरवर ताण सुमारे 6 टक्के जास्त येतो, म्हणून तिथे बेंड करायला जोर लागतो. लेस पॉलचा जाड हील, म्हणजे नेक बॉडीला मिळतो तिथला फुगीर भाग, वरच्या फ्रेटवर तळहाताला अडतो, हे मात्र खरंच सांध्याशी जोडलेलं आहे.

टोनची तुलना बहुतेक लोक चुकीची करतात. स्ट्रॅटवर सिंगल कॉइल पिकअप, लेस पॉलवर हंबकर पिकअप, लाकूड वेगळं, स्केल वेगळं, आणि श्रेय जातं सांध्याला! पीआरएसच्या कस्टम 24 आणि सीई 24 यांची तुलना त्यापेक्षा बरी, कारण दोघींचं स्केल 25 इंच आहे. पण पहिलीचा चिकटवलेला नेक महोगनीचा, दुसरीचा स्क्रूचा नेक मेपलचा. तिथेही सीईचा आघात थोडा टोकदार वाटला तर मी मेपललाही श्रेय देईन.

दुकानात प्रत्येक तार सगळ्या फ्रेटवर अँपशिवाय वाजवा. बोल्ट-ऑनच्या पॉकेटच्या फटीत कागद सरकतो का आणि नेक बाजूला हलतो का, ते पाहा. जुनी सेट नेक असेल तर हीलजवळच्या पॉलिशमध्ये रेघ दिसते का बघा. नुसती रेघ बहुधा पॉलिशपुरतीच असते, पण ती रुंदावत असेल आणि तारांची उंचीही वाढत असेल, तर सांधा उघडतोय. तो वाफ देऊन सोडवावा लागतो, आणि ते खर्चिक काम आहे. बोल्ट-ऑनचा कोन मात्र एका पट्टीने बदलता येतो. पहिली गिटार असेल तर मी त्यासाठीच बोल्ट-ऑन सुचवेन.